१.३३ म्हणजे १ नव्हे

शेकडा प्रमाणांवरून सूत्र काढण्याची रीत चार ओळींत सांगता येते. प्रत्येक मूलद्रव्याचे टक्के त्याच्या अणुवस्तुमानाने भागायचे, आलेल्या उत्तरांना त्यांतल्या सर्वांत लहान उत्तराने भागायचे, गुणोत्तर पूर्णांकांत आणायचे की झाले एम्पिरिकल सूत्र, म्हणजे अणूंचे सर्वांत साधे प्रमाण सांगणारे सूत्र. मग रेणुवस्तुमानावरून त्याची पट काढली की रेणुसूत्र मिळते. रीत इतकी सोपी असल्यामुळेच तिच्याविषयीचे गैरसमज टिकून राहतात. यांपैकी बहुतेकांचे मूळ एकच आहे. आकडे पूर्णांकांत आणताना त्यांना थोडे इकडे-तिकडे सरकवले तरी चालते, असे मानले जाते. कुठे सरकवायचे आणि कुठे नाही, हे कळण्यासाठी आवळ्यातले व्हिटॅमिन सी, म्हणजेच ॲस्कॉर्बिक ॲसिड, हे चांगले उदाहरण आहे. त्यात वजनाने ४०.९२ टक्के कार्बन, ४.५८ टक्के हायड्रोजन आणि ५४.५० टक्के ऑक्सिजन असतो.

हे आकडे पाहून पहिला ग्रह असा होतो की रेणूत ऑक्सिजनचे अणू सर्वांत जास्त असणार आणि हायड्रोजन नावापुरता. पण टक्के वजनाचे आहेत, संख्येचे नाहीत. शंभर ग्रॅम पदार्थ घेतला असे धरले तर ४०.९२ ला १२.०११ ने भागून कार्बनचे ३.४०७ मोल येतात, ४.५८ ला १.००८ ने भागून हायड्रोजनचे ४.५४४ आणि ५४.५० ला १५.९९९ ने भागून ऑक्सिजनचे ३.४०७. वजनात जेमतेम साडेचार टक्के असलेला हायड्रोजन संख्येत सगळ्यांच्या पुढे निघतो. इथेच आणखी एक चूक होते. ऑक्सिजन वायूचा रेणू दोन अणूंचा असतो म्हणून काहीजण १६ ऐवजी ३२ ने भागतात. संयुगात ऑक्सिजन वायू नसतो, ऑक्सिजनचे अणू असतात. ३२ ने भागले तर सूत्र C₆H₈O₃ येते. त्याचे वस्तुमान १२८, आणि ॲस्कॉर्बिक ॲसिडचे रेणुवस्तुमान १७६ आहे. १७६ ला १२८ ने भाग जात नाही, त्यामुळे ही चूक निदान लपून तरी राहत नाही.

खरी गडबड पुढच्या पायरीवर होते. ३.४०७ ने भागल्यावर १ : १.३३ : १ असे गुणोत्तर मिळते. १.३३ हा आकडा १ च्या जवळ आहे, म्हणून तो १ करून CHO लिहिणारे कमी नसतात. परंतु १.३३ हा १ मधला दोष नाही, तो ४/३ आहे. तिन्ही आकडे तीनने गुणले की ३ : ४ : ३ येते आणि सूत्र होते C₃H₄O₃. शेजारी लिंबातले सिट्रिक ॲसिड ठेवून पाहा. त्याचे टक्के ३७.५१, ४.२० आणि ५८.२९. भागाकारानंतर गुणोत्तर येते १ : १.३३ : १.१७. इथे तीनने गुणून भागत नाही, कारण ऑक्सिजन साडेतीनवर अडकतो. सहाने गुणल्यावर ६ : ८ : ७ मिळते, C₆H₈O₇. १.१७ ला १ समजणारा सिट्रिक ॲसिडचे ॲस्कॉर्बिक ॲसिड करून मोकळा होईल. ०.३३, ०.२५, ०.१७ हे अपूर्णांक ओळखीचे करून घेतले पाहिजेत ते यासाठी.

यावर आक्षेप असा की मोजमापात चूक असतेच, मग १.३३ आणि १.३६ यांत फरक का करावा? आक्षेप रास्त आहे, पण चूक कुठल्या मूलद्रव्याच्या आकड्यात आहे यावर सगळे अवलंबून असते. सेंद्रिय संयुगांच्या विश्लेषणात ०.४ टक्क्यापर्यंतचा फरक सहसा चालवून घेतात. कार्बनच्या ४०.९२ मध्ये ०.४ चा फरक पडला तर गुणोत्तर शेकडा एकाने हलते. हायड्रोजनच्या ४.५८ मध्ये तेवढाच फरक पडला तर ते जवळजवळ नऊ टक्क्यांनी हलते, कारण तिथे आकडाच लहान.

आता समजा या टक्क्यांचा तक्ता मोबाइलवर काढलेल्या फोटोत आहे, फोटो जरासा हललेला आहे आणि इंग्रजी आकड्यांतला 5 हा 9 सारखा दिसतोय. ४.५८ चे ४.९८ झाले. हायड्रोजनचे मोल ४.९४०, गुणोत्तर १.४५. हे दीडच्या जवळ वाटते, म्हणून दोनने गुणून C₂H₃O₂ लिहिले जाते. त्याचे वस्तुमान ५९.०४, आणि १७६.१२ ला त्याने भागले की २.९८ येते, म्हणजे तीन! रेणुसूत्र C₆H₉O₆. प्रत्येक पायरी पटण्यासारखी आणि उत्तर चूक. सूत्रावरून उलट टक्के काढून पाहावेत तर तेही ४०.६९, ५.१२ आणि ५४.१९ येतात. तक्त्याशी यांचा फरक ०.४ च्या आतच आहे, त्यामुळे ही पडताळणीसुद्धा चूक पकडत नाही.

पकडतात त्या दोन गोष्टी. एक, कार्बनचे बंध चार आणि ऑक्सिजनचे दोन, दोन्ही सम. म्हणून फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असलेल्या, बाटलीत भरून ठेवता येणाऱ्या साध्या संयुगात हायड्रोजनचे अणू समच असतात. नऊ अणू बसतच नाहीत. दुसरी, बेरीज. ४०.९२, ४.९८ आणि ५४.५० मिळून १००.४० होतात. ‘शंभरच्या आसपास आहे ना’ म्हणून हे सोडून द्यायचे नसते. बऱ्याचदा प्रयोगशाळा कार्बन आणि हायड्रोजन मोजते आणि उरलेले टक्के ऑक्सिजनच्या नावे लिहिते. अशा तक्त्याची बेरीज शंभरच असणार. मोजमाप चुकले तरी ती चूक ऑक्सिजनच्या खात्यात जाते, बेरीज हलत नाही. हलली तर चूक वाचण्यात किंवा उतरवण्यात आहे. याची दुसरी बाजू अशी की शंभर भरले म्हणून नमुना शुद्ध आहे असे सिद्ध होत नाही. ॲस्कॉर्बिक ॲसिडच्या नमुन्यात दोन टक्के ओलावा असेल तर बेरीज चोख शंभर येईल आणि कार्बन-हायड्रोजनचे गुणोत्तर मात्र १.३३ ऐवजी १.४० निघेल.

राहिला शेवटचा समज, की टक्के अचूक असले म्हणजे रेणुसूत्रही त्यांतूनच मिळते. ग्लुकोज, लॅक्टिक ॲसिड, व्हिनेगरमधले ॲसेटिक ॲसिड आणि फॉर्मल्डिहाइड या चौघांचे टक्के तंतोतंत सारखे आहेत, कारण चौघांचे एम्पिरिकल सूत्र CH₂O. म्हणून रेणुवस्तुमान स्वतंत्रपणे मोजावे लागते. गंमत म्हणजे ते फार अचूक लागत नाही. C₃H₄O₃ चे वस्तुमान ८८. पर्याय ८८, १७६, २६४ अशा पटींतलेच. मोजमाप १७० आले काय किंवा १८० आले काय, निवड १७६ चीच होते आणि सूत्र C₆H₈O₆. ढिलाई चालते ती इथे, टक्क्यांत नाही.

तेव्हा फोटोतला एखादा आकडा पुसट असेल तर अंदाजाने वाचू नका. १०० मधून ४०.९२ आणि ५४.५० वजा करा, ४.५८ उरतात.