पॉझिटिव्ह आलेल्या १०३ जणी

डेव्हिड एडी या अमेरिकी डॉक्टरने १९८२ साली एक कोडं छापलं. एका बाईला स्तनाचा कर्करोग असण्याची शक्यता १ टक्का आहे. मॅमोग्राफीत, खरोखर कर्करोग असलेल्या शंभरातल्या साधारण ८० जणी सापडतात. पण तो नसलेल्यांपैकीही ९.६ टक्के जणी उगाचच पॉझिटिव्ह ठरतात. या बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तिला कर्करोग असण्याची शक्यता किती? बहुतेक डॉक्टरांनी सांगितलं, ७५ टक्क्यांच्या आसपास.

आता कागदावर झाड काढू. डाव्या टोकाला अशा १००० बायका लिहा. पहिल्या दोन फांद्या: कर्करोग असलेल्या १०, नसलेल्या ९९०. प्रत्येक फांदीला पुन्हा दोन फाटे, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. वरच्या १० जणींमधल्या ८ पॉझिटिव्ह, २ निगेटिव्ह. खालच्या ९९० पैकी ९.६ टक्के म्हणजे सुमारे ९५ पॉझिटिव्ह, उरलेल्या ८९५ निगेटिव्ह.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे आपल्या बाईपुरते निगेटिव्हचे दोन्ही फाटे खोडायचे. उरल्या ८ आणि ९५, मिळून १०३. त्यांतल्या खऱ्या रुग्ण ८ च. शक्यता जेमतेम ८ टक्के! सशर्त संभाव्यता म्हणजे एवढंच: अट कळली की छेद बदलतो, १००० च्या जागी १०३ येतात. डॉक्टरांची गफलत इथेच झाली. ८० टक्के हा आकडा वरच्या फांदीवरच्या १० जणींचा आहे. त्यांनी तो पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांना लावला. परीक्षेत मुलंही नेमकं हेच करतात.

तरीही रिपोर्ट फुकट गेला नाही, १ टक्क्याचे ८ झाले. आणि हीच तपासणी, डॉक्टरांच्या हाताला गाठ लागल्यामुळे ज्यांच्याबद्दल आधीच १० टक्के शंका आहे अशा बायकांची केली तर? मॅमोग्राफीचे आकडे तेच धरले, तरी हजारांत १०० रुग्ण, त्यांतल्या ८० पॉझिटिव्ह. निरोगी ९०० पैकी सुमारे ८६. म्हणजे १६६ मध्ये ८०, जवळजवळ निम्म्या. रिपोर्ट शब्दशः तोच, अर्थ सहापट गंभीर, कारण पहिली फांदी जाड होती.

दुसरी चाचणी केली तर ८ आणि ९५ हे आकडे झाडाच्या बुंध्याशी लिहून पुन्हा फाटे काढायचे. मात्र लगेच तीच मॅमोग्राफी परत करून ९.६ टक्के पुन्हा वापरता येत नाहीत. स्तनातल्या ज्या दाट पेशीजालामुळे पहिल्यांदा चकवा बसला, ते दुसऱ्यांदाही तिथेच असतं. त्या फाट्यावर वेगळा, बहुधा बराच मोठा आकडा लिहावा लागतो. बायोप्सीत प्रत्यक्ष पेशी तपासतात, त्यामुळे तिच्या चुका वेगळ्या आणि फार थोड्या. म्हणून पॉझिटिव्ह मॅमोग्राफीनंतर संशय कायम राहिला तर डॉक्टर बायोप्सी करायला सांगतात.