“इंजिन ओरिजनल आहे ना?” विचारलं तर काय लिहायचं?

मंडळी, जुनं आऊटबोर्ड इंजिन विकायला काढलं की फोटो टाकल्यावर पहिला प्रश्न हाच येतो. बरेच जण लगेच उत्तर देतात, “शंभर टक्के ओरिजनल, डोळे झाकून घ्या.” असं लिहिण्याआधी जरा थांबा.

१९३० च्या माल विक्री कायद्यातलं १५ वं कलम सांगतं की वर्णन करून माल विकला, तर माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. तुमचा तो मेसेज म्हणजेच वर्णन. उद्या आत दुसऱ्या कंपनीचा पार्ट निघाला, तर गिऱ्हाईक तोच मेसेज पुढे करील. म्हणून कागदावर किंवा इंजिनावर दाखवता येईल तेवढंच लिहायचं.

पहिली गोष्ट नंबर. इंजिन होडीच्या मागच्या फळीला ज्या ब्रॅकेटने अडकवतो, त्याच्या बाजूला बहुतेक कंपन्यांची छोटी पट्टी असते. तिच्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. खाऱ्या पाण्याने अक्षरं पुसट झाली असतील तर गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. पॉलिश पेपर घासू नका आणि वरून रंगही मारू नका, कारण खरवडलेली पट्टी बघून गिऱ्हाइकाला चोरीचा संशय येतो. बॅटरीचा उजेड तिरका पाडून फोटो काढला की उठावाचे आकडे बरे दिसतात. तरीही एखादा आकडा लागत नसेल तर “हा आकडा वाचता येत नाही” असं लिहा, अंदाजाने भरू नका.

दुसरी गोष्ट बिल. बिलावर इंजिनाचा सिरियल नंबर छापलेला आहे का, ते आधी बघा. नुसतं “आऊटबोर्ड मोटर, १ नग” एवढंच असेल, तर तुम्ही एक इंजिन घेतलं होतं एवढंच ते बिल सांगतं. ते हेच इंजिन, हे त्यावरून ठरत नाही. अशा वेळी वॉरंटी कार्ड, डिलिव्हरी चलन किंवा होडीच्या नोंदणीचा कागद शोधा. त्यावर नंबर असेल तर दुवा जुळतो.

दुकानदार खरा का, तेही गिऱ्हाइकाला तपासता येतं. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात. गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. जीएसटीच्या पोर्टलवर Search Taxpayer मध्ये तो टाकला की दुकानाचं नाव येतं. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तारखेच्या बिलावर जीएसटी दिसला, तर ते बिल नंतर बनवलेलं आहे.

आता समजा, २०१९ साली घेतलेलं इंजिन तुम्ही विकताय. उत्तर असं लिहा:

“नमस्कार. ब्रॅकेटवरच्या पट्टीवर सिरियल नंबर १०२३४५६ आहे, फोटो पाठवतोय. १४ ऑक्टोबर २०१९ च्या बिलावर हाच नंबर आहे आणि बिल माझ्या नावावर आहे. २०२२ मध्ये पंखा बदलला, त्याचं बिल आहे. कार्ब्युरेटरचं काम गावातल्या मेकॅनिककडे केलं, त्याचं बिल नाही. आतले बाकीचे पार्ट कंपनीचेच आहेत, असं दाखवणारा कागद माझ्याकडे नाही. तुमचा मेकॅनिक घेऊन या, कव्हर उघडून दाखवतो.”

यात ‘ओरिजनल’ हा शब्द एकदाही नाही, तरी गिऱ्हाइकाला हवं ते कळलं. आतल्या पार्टबद्दलचं वाक्य गाळू नका. नंबरची पट्टी ब्रॅकेटवर असते आणि ब्रॅकेट तोच ठेवून वरचं इंजिन बदलता येतं. काही मॉडेलांत इंजिनाच्या ब्लॉकवरही नंबर असतो. असेल तर त्याचाही फोटो द्या.

बिलाचा फोटो पाठवताना मात्र आपला पत्ता आणि फोन नंबर झाका. दुसऱ्याच्या बिलाचा फोटो दाखवून नसलेलं इंजिन विकणारे असतात. म्हणून फोटोत इंजिनाजवळ आजची तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा. तसला फोटो दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. मूळ बिल सौदा पुरा होईपर्यंत हातातून सोडू नका.

इंजिन अनुदानावर घेतलेलं असेल, तर विकण्याआधी मंजुरीच्या कागदावरच्या अटी वाचा. किती वर्षं विकता येत नाही, अशी अट त्यात असली तर आधी खात्यात विचारा, मग फोटो टाका.