पैसे जमा होताच बिल

सोलापुरात सुती साड्यांचं एक दुकान आहे असं समजू. दुकानाची स्वतःची वेबसाइट आहे आणि पैसे घेण्यासाठी रेझरपेसारखा पेमेंट गेटवे जोडलेला आहे. रात्री पावणेबाराला पुण्यातल्या एक बाई २,१०० रुपयांची साडी पसंत करतात. साडी बेळगावला बहिणीकडे पाठवायची आहे, म्हणून त्या तिचा पत्ता भरतात आणि यूपीआयने पैसे देतात. दोनतीन मिनिटांत बिल त्यांच्या ईमेलवर यायला हवं. त्या वेळी दुकानात कुणी जागं नाही, आणि असायची गरजही नसावी.

वेबसाइट नव्याने करणारे बरेच जण यासाठी सोपा मार्ग धरतात. पैसे भरल्यावर ग्राहक ‘ऑर्डर मिळाली, धन्यवाद’ या पानावर परत येतो, तेव्हाच बिल बनवायचं. चाचणी घेताना हे नीट चालतं, कारण चाचणी घेणारा माणूस त्या पानाची वाट बघत बसलेला असतो. खरा ग्राहक तसा बसत नाही. यूपीआयचं ॲप उघडतं, बाई पिन टाकतात, हिरवी खूण दिसते आणि त्या तिथूनच व्हॉट्सॲपकडे वळतात. ब्राउझर मागेच राहतो, कधी फोन तो स्वतःच बंद करून टाकतो. पैसे दुकानाला मिळालेले असतात, पण ‘धन्यवाद’चं पान कधी उघडतच नाही आणि बिलही होत नाही. म्हणून बिल ग्राहकाच्या फोनवर अवलंबून ठेवू नये. पैसे आल्याची बातमी थेट गेटवेकडून दुकानाच्या सर्व्हरला मिळाली पाहिजे.

ही बातमी वेबहुक आणतो. गेटवेच्या डॅशबोर्डमध्ये आपल्या सर्व्हरचा एक पत्ता आणि एक गुप्त शब्द नोंदवायचा, आणि कोणत्या घटना कळवायच्या ते निवडायचं. घटना घडली की गेटवे त्या पत्त्यावर स्वतःहून निरोप पाठवतो. आपल्या साडीचा निरोप, अनावश्यक भाग गाळून, साधारण असा दिसेल:

```json
{
  "event": "order.paid",
  "payload": {
    "payment": { "entity": { "amount": 210000,
      "method": "upi", "status": "captured" } },
    "order": { "entity": { "amount_paid": 210000,
      "receipt": "S-1482", "status": "paid" } }
  }
}
```

रक्कम पैशांत आहे, म्हणून २,१०० रुपयांचे 210000 झाले. इथे शंभराने भागायचं राहिलं तर बिल दोन लाख दहा हजारांचं निघेल. `receipt` मध्ये दुकानाने ऑर्डर तयार करताना दिलेला स्वतःचा क्रमांक जसाच्या तसा परत आला आहे. मात्र या निरोपात साडीचं नाव नाही, बेळगावचा पत्ता नाही, कराचा दर नाही. S-1482 या ऑर्डरचे पैसे आले, एवढंच तो सांगतो. बिलात लिहायचं बाकी सगळं दुकानाने पैसे येण्याआधीच जपून ठेवलेलं असावं लागतं, आणि माझ्या मते या कामातला खरा विचार तिथेच करावा लागतो.

त्याआधी घटना कोणती निवडायची ते पाहू. `payment.authorized` या निरोपाचा अर्थ बँकेने होकार दिला इतकाच असतो. ते पैसे दुकानाने उचलले नाहीत तर ग्राहकाला परत जातात, त्यामुळे त्यावर बिल बनवणं चूक आहे. `payment.captured` आणि `order.paid` हे दोन्ही पैसे आल्याचे निरोप आहेत, आणि दोन्ही निवडले तर एकाच साडीचे दोन्ही येतात. बिलासाठी `order.paid` हा एकच पुरेसा आहे.

वेबहुकचा पत्ता इंटरनेटवर उघडा असतो, म्हणजे कुणीही तिथे खोटा निरोप टाकू शकतो. म्हणून गेटवे गुप्त शब्द वापरून निरोपाच्या मजकुराची सही काढतो आणि ती `X-Razorpay-Signature` या हेडरमध्ये पाठवतो. आपला सर्व्हर तीच सही स्वतः काढतो आणि दोन्ही जुळल्या तरच पुढे जातो. इथे एक गोष्ट भल्याभल्यांचा दिवस खाते. सही मूळ मजकुरावरून, अक्षर न् अक्षर तसंच ठेवून काढायची असते. पण वेबसाइट ज्या साधनांवर उभी असते ती बहुतेकदा आलेला निरोप लगेच उलगडून ठेवतात, आणि तो पुन्हा जुळवून सही काढली की एखादी मोकळी जागा इकडची तिकडे झालेली असते. गुप्त शब्द बरोबर असूनही सही कधीच जुळत नसेल, तर आधी हे तपासावं.

आता बेळगावच्या पत्त्याकडे येऊ. साडीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि २,१०० रुपयांत तो धरलेला आहे. म्हणजे साडीची किंमत २,००० आणि कर १०० रुपये. हे १०० रुपये बिलात कोणत्या नावाने लिहायचे, हे माल कोणत्या राज्यात पुरवला असं मानायचं यावर ठरतं. राज्य महाराष्ट्रच असेल तर केंद्राचे ५० आणि राज्याचे ५०, राज्य वेगळं असेल तर १०० रुपये आयजीएसटी. खरेदी करणाऱ्या बाई पुण्याच्या आहेत, साडी कर्नाटकात जाणार आहे. बाईंकडे जीएसटी क्रमांक नसेल तर माल जिथे पोचवायचा ते राज्य धरायचं, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. म्हणून इथे आयजीएसटी लागतो. पण हीच साडी पुण्याच्या एखाद्या नोंदणीकृत कंपनीने भेट म्हणून बेळगावला पाठवली असती, तर कंपनीचं राज्य धरलं गेलं असतं आणि कर ५०-५० असा विभागला असता. साडी तीच, पाकिटावरचा पत्ताही तोच, तरी बिल वेगळं.

म्हणून ग्राहकाची माहिती ‘एक ग्राहक, एक पत्ता’ अशी ठेवून भागत नाही. बिलावरचं नाव, पैसे देणाऱ्याचा पत्ता, माल पोचवायचा पत्ता आणि असल्यास जीएसटी क्रमांक, हे सगळं प्रत्येक ऑर्डरसोबत वेगळं उतरवून ठेवावं लागतं. वस्तूचं नाव, किंमत आणि त्या दिवशीचा कराचा दरही त्यातच ठेवावा. बाईंनी उद्या आपल्या खात्यातला पत्ता बदलला, किंवा दुकानाने साडीची किंमत वाढवली, तरी S-1482 ची नोंद जशी होती तशीच राहिली पाहिजे. बिल या नोंदीवरून बनवायचं, ग्राहकाच्या चालू खात्यावरून नाही.

जीएसटी क्रमांकाबाबत तर मी आग्रहाने सांगेन की तो जुन्या खात्यातून गुपचूप उचलू नका. पूर्वी ऑफिससाठी खरेदी केलेल्या माणसाने आज घरासाठी साडी घेतली, तर ऑफिसचा क्रमांक बिलावर जातो आणि पुढे विवरणपत्रात दुरुस्ती करत बसावं लागतं. पैसे भरण्याआधी ‘हे बिल व्यवसायाच्या नावाने हवं आहे का?’ एवढं विचारलं की काम होतं. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29. भरलेल्या पत्त्याचं राज्य आणि हे आकडे जुळत नसतील तर तिथेच थांबवून विचारता येतं.

एक निरोप दोनदा येणं हा अपवाद नाही, गेटवेच्या पद्धतीचाच तो भाग आहे. पाच सेकंदांत आपल्याकडून पोच गेली नाही तर रेझरपे निरोप चुकला असं धरून पुन्हा पाठवतो, आणि हे चोवीस तास चालू राहतं. आपल्या सर्व्हरने पोच देण्याआधी बिलाची पीडीएफ बनवून ईमेल पाठवायला घेतला आणि त्यात सात सेकंद गेले, तर पहिलं काम पूर्ण होऊनही दुसरा निरोप येणारच. बाईंना दोन बिलं जातात आणि दुकानाच्या विक्रीत एक साडी जास्त दिसते. म्हणून क्रम असा ठेवावा: सही तपासा, निरोप नोंदवून घ्या, लगेच पोच द्या आणि बिलाचं काम त्यानंतर मागे चालू द्या. शिवाय बिलांच्या तक्त्यात ऑर्डर क्रमांकावर `UNIQUE` अशी अट घालावी, म्हणजे S-1482 चं दुसरं बिल डेटाबेसच नाकारेल. ‘आधी बिल आहे का पाहा, नसेल तर बनवा’ एवढ्यावर विसंबू नये. दोन निरोप एकाच क्षणी आले तर दोघांनाही बिल ‘नाही’ असंच दिसतं.

बिलाचा क्रमांक ओळीने लागला पाहिजे, त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि सोळा अक्षरांपेक्षा लांब असू नये, असा जीएसटीचा नियम आहे. `SOL/26-27/01482` यात पंधरा अक्षरं होतात. डेटाबेसचे आपोआप वाढणारे क्रमांक मात्र इथे वापरू नयेत, कारण एखादं काम अर्धवट सुटलं की तो आकडा कायमचा गळतो आणि मालिकेत खिंडार पडतं. शेवटचा क्रमांक वेगळ्या ओळीत ठेवावा. तो वाढवणं आणि बिलाची नोंद करणं एकाच व्यवहारात व्हावं, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. तारखेचंही बघावं लागतं. पुष्कळ सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. १ एप्रिलला पहाटे दोन वाजता आलेल्या ऑर्डरवर मग ३१ मार्चची तारीख पडते आणि बिल सरळ मागच्या आर्थिक वर्षात जातं.

पैसे येताच बिल करणं सगळ्यांनाच सोयीचं नसतं, हेही सांगायला हवं. मालाचं कर बिल तो दुकानाबाहेर पडण्याआधी किंवा पडताना झालं पाहिजे, असं कायदा म्हणतो. तयार साडी कपाटात असेल तर पैसे येताच बिल करायला हरकत नाही. पण साडी मागावर विणून महिन्याने द्यायची असेल, तर वेबहुक आल्यावर फक्त पैसे मिळाल्याची पावती पाठवावी आणि बिल पाकीट निघताना करावं. नाहीतर मधे ऑर्डर रद्द झाली की क्रेडिट नोट काढणं आलं. झालेलं बिल पुसून टाकायचं नसतं.

एवढं सगळं करूनही काही निरोप हुकतात. सर्व्हर बंदच राहिला किंवा कुणी वेबसाइटचा पत्ता बदलला, तर चोवीस तास अपयश आल्यावर रेझरपे तो वेबहुकच बंद करतो. विक्री मात्र चालू राहते, त्यामुळे चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. यावर उपाय म्हणजे रोज पहाटे गेटवेकडून आदल्या दिवशी पैसे आलेल्या ऑर्डरींची यादी मागवायची आणि आपल्या बिलांशी ताडून पाहायची. यादीत आहे पण बिल नाही अशी ऑर्डर सापडली, तर वेबहुकचं तेच काम तिच्यासाठी चालवायचं. त्या बिलाला तारीख आजची आणि क्रमांक पुढचा द्यायचा. कालची तारीख घालून मधला क्रमांक शोधत बसायचं नाही. यादी आणि बिलं लागोपाठ दोन दिवस जुळली नाहीत, तर आधी डॅशबोर्ड उघडून वेबहुक चालू आहे का ते पाहायचं.