तीन फाशांवर एकच ठिपका

आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालत्या कार्यक्रमासाठी जेमतेम 2048 बाइट स्मृती असते. संगणकावर सर्रास वापरला जाणारा मर्सेन ट्विस्टर हा यादृच्छिक संख्यांचा जनक नुसती स्वतःची अवस्था लक्षात ठेवायला 2496 बाइट घेतो. म्हणजे तो या बोर्डावर मावतच नाही. जॉर्ज मार्साग्लिया यांनी 2003 मध्ये मांडलेल्या झॉरशिफ्टला मात्र चार बाइट पुरतात:

```c
x ^= x << 13;
x ^= x >> 17;
x ^= x << 5;
```

संख्येचे बिट सरकवायचे आणि मूळ संख्येशी ताडून पाहायचे. जिथे दोन बिट वेगळे तिथे 1, सारखे तिथे 0. गुणाकार नाही, भागाकार नाही. तरीही 429 कोटींहून अधिक संख्या येऊन गेल्याशिवाय क्रम पुन्हा सुरू होत नाही. खेळातले ढग, ठिणग्या, शत्रूच्या हालचाली यांसाठी मी हाच निवडेन.

मात्र सुरुवातीची संख्या, म्हणजे सीड, निवडताना जपावे लागते. समजा, फासा टाकणारी तीन खेळणी बनवली आणि त्यांना 1, 2, 3 असे सीड दिले. पहिल्या संख्या येतात 270369, 540738 आणि 811107. दुसरी पहिलीच्या दुप्पट, तिसरी त्या दोघींची बेरीज! सरकवणे आणि ताडणे या दोन्ही क्रियांत सीडमधला प्रत्येक बिट आपापला ठसा स्वतंत्रपणे उमटवतो, म्हणून हे नाते उरते. शिवाय 429 कोटींच्या पट्टीवर या तिन्ही संख्या अगदी तळाशी आहेत. पट्टीचे सहा समान भाग करून फासा काढला, तर तिन्ही खेळण्यांवर पहिल्यांदा एकच ठिपका येईल. सीड 1 असलेल्या खेळण्यावर दुसऱ्यांदाही एकच येतो. तिसऱ्या वेळी 2647435461 ही संख्या मिळते आणि चार पडतात.

बोर्डाच्या मोकळ्या पिनेवरचे वाचन सीड म्हणून घेण्याची पद्धत इथेच गोत्यात आणते. ते वाचन 0 ते 1023 यांतलेच असते, म्हणजे पुन्हा लहान संख्या, आणि फार तर 1024 वेगवेगळे खेळ. त्यात 0 मिळाला तर पुढे कायम 0 च येत राहतो. म्हणून 0 आधी तपासून बदलावा आणि सीडला 2654435769 सारख्या मोठ्या विषम संख्येने एकदा गुणून घ्यावे. त्याने बिट वरपर्यंत पसरतात, खेळांची संख्या मात्र वाढत नाही. पहिल्या दहा संख्या छापून पाहिल्या की दोष चटकन दिसतो.

दुसरी उणीव मात्र सीड बदलून जात नाही. बाहेर पडलेली संख्या हीच आतली पूर्ण अवस्था असते. ती एकदा हाती आली, की वरच्या तीन ओळी चालवून पुढची प्रत्येक संख्या कुणालाही काढता येते, आणि उलट्या चालवून मागचीही. फाशाच्या खेळण्यात त्याने काही बिघडत नाही. दाराच्या कुलपाचा संकेतांक किंवा पैसे लावून खेळायचा डाव यावर चालवू नये.