हॉटस्पॉटवरचा लॅग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून गेम खेळताना प्रत्येक संदेश दोनदा हवेतून जातो: आधी लॅपटॉपवरून फोनपर्यंत वायफायने, मग फोनवरून टॉवरपर्यंत. पुढचा प्रवास बहुतेक केबलने होतो. संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. सातारा ते मुंबई अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे आणि ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर मुंबईत असेल, तर जाण्यायेण्याचे जेमतेम तीन मिलिसेकंद होतात. वाट थोडी वाकडी असली तरी दहा-पंधरा. गेममध्ये पिंग १५० किंवा ३०० दिसत असेल, तर बाकीचा वेळ बहुतेकदा या दोन हवाई टप्प्यांतच जातो.

गैरसमज: नेटचा स्पीड जास्त असेल तर लॅग होत नाही.

वस्तुस्थिती: स्पीड म्हणजे एका वेळी किती डेटा वाहतो याचे माप, पिंग म्हणजे एक छोटा संदेश किती लवकर पोहोचतो याचे. मोबाइलवरचा नेमबाजीचा गेम तासाला साधारण शंभर एमबीच्या आत डेटा वापरतो. त्यासाठी स्पीड टेस्टमध्ये दिसणाऱ्या ४० एमबीपीएसपैकी एक एमबीपीएसही लागत नाही. त्याला हवी असते नियमितता. पिंग सतत ९० असेल तर हात त्याला सरावतो. तोच ४० वरून अचानक ३०० वर उडत असेल, तर समोरचा खेळाडू जागच्या जागी गोठतो आणि नेमका भलतीकडे उगवतो.

दोष कोणत्या टप्प्यात आहे हे विंडोज लॅपटॉपवर दोन चाचण्यांत कळते. `ipconfig` या आज्ञेने `Default Gateway` समोरचा आकडा मिळतो. तो फोनचा पत्ता असतो. आयफोनच्या हॉटस्पॉटवर तो सहसा `172.20.10.1` असतो. मग:

```
ping -n 50 172.20.10.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिल्या ओळीत आपल्या फोनचा पत्ता टाकायचा. तिथली उत्तरे दहा मिलिसेकंदांच्या आत आणि एकसारखी असतील, तर वायफाय ठीक आहे. पहिली चाचणी चांगली आणि दुसरी उड्या मारणारी असेल, तर गडबड फोनच्या पुढे आहे. पहिलीतच आकडे उडत असतील, तर टॉवरला दोष देण्याआधी वायफायकडे पाहावे लागते.

गैरसमज: रेंज फुल असेल तर लॅग गेमच्या सर्व्हरमुळेच होतो.

वस्तुस्थिती: रेंजच्या काड्या टॉवरचा आवाज किती मोठा येतो एवढेच सांगतात, त्या टॉवरवर किती जण आहेत हे सांगत नाहीत. कृष्णाकाठची सांगली सपाट आहे, त्यामुळे सिग्नलला डोंगराचा अडसर नाही. पण विश्रामबागसारख्या कॉलेज आणि वसतिगृहांच्या भागात रात्री एकाच टॉवरवर शेकडो फोन व्हिडिओ पाहत असू शकतात. अशा वेळी प्रत्येक फोनला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि काड्या पूर्ण असूनही पिंग वाढतो.

याची खूण सोपी आहे. फोन एकाच जागी ठेवून दुसरी चाचणी सकाळी सातला आणि रात्री नऊला करावी. सकाळी ४५ आणि रात्री २०० असे आकडे आले, तर कारण गर्दी आहे, आणि फोन खिडकीत ठेवून फारसा फरक पडणार नाही. तिथे दुसऱ्या कंपनीचे सिम किंवा खेळायची वेळ बदलणे हेच खरे उपाय.

गैरसमज: हॉटस्पॉटचा फोन लॅपटॉपला चिकटून ठेवावा.

वस्तुस्थिती: दोन टप्प्यांपैकी नाजूक टप्पा टॉवरचा असतो, म्हणून जागा टॉवर पाहून ठरवायची. साताऱ्यात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो, कारण अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला उभा आहे. पायथ्याच्या घरात डोंगराकडच्या खोलीत टेबलावर ठेवलेल्या फोनला शहरातल्या टॉवरचा सिग्नल दोन-तीन भिंती ओलांडूनच मिळतो.

अँड्रॉइडवर सेटिंगमधील फोनच्या माहितीत सिम स्टेटसखाली सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो ऋण असतो, म्हणून -९० हा -११५ पेक्षा चांगला. दर दहा डीबीएमला ताकद दहापट बदलते. समजा, डोंगराकडच्या खोलीत आकडा -११४ आहे आणि शहराकडच्या खिडकीत -९४. हा शंभरपटीचा फरक झाला. -११० च्या खाली गेल्यावर संदेश चुकतात, पुन्हा पाठवावे लागतात आणि पिंगच्या उड्या सुरू होतात. फोन खिडकीत ठेवून तीन-चार मीटरच्या यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला आणि यूएसबी टेदरिंग चालू केले, तर सिग्नलही मिळतो आणि वायफायचा टप्पाच गळून पडतो. खिडकीत ऊन येत असेल तर मात्र फोन आडोशाला ठेवावा; तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो.

गैरसमज: ५ गिगाहर्ट्झ निवडले की ५जी मिळते.

वस्तुस्थिती: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॉटस्पॉटच्या सेटिंगमधला २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ हा पर्याय फोन आणि लॅपटॉपमधल्या वायफायचा आहे. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे तीनच चॅनल आहेत; शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ हेडफोन आणि मायक्रोवेव्ह सगळे त्यातच दाटीवाटी करतात. अपार्टमेंटमध्ये, फोन त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ बरे. मध्ये जाड भिंत असेल तर ते लवकर क्षीण होते, तिथे २.४ चालवून घ्यावे. आयफोनवर `Maximize Compatibility` चालू असेल तर हॉटस्पॉट २.४ वर जातो. लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ चालत असेल तर ते बंद ठेवावे.

५जी किंवा ४जी ही निवड टॉवरच्या टप्प्याची. ५जीचा सिग्नल काठावरचा असेल, तर फोन ५जी आणि ४जीमध्ये ये-जा करतो आणि प्रत्येक बदलाच्या वेळी पिंग उडतो. अशा घरात नेटवर्क ४जीवर ठेवले तर स्पीड घटतो, पण पिंग स्थिर राहतो. जिथे ५जी पक्के मिळते तिथे असे करण्याचे कारण नाही. काही पॅकवर अमर्याद डेटा फक्त ५जीलाच असतो. ४जीवर खेळलेला तास रोजच्या कोट्यातून वजा होतो, हेही धरून चालावे.

गैरसमज: गेमला डेटा कमी लागतो, म्हणून कोटा संपला तरी खेळता येते.

वस्तुस्थिती: दोन जीबीचा रोजचा कोटा संपल्यावर बऱ्याच पॅकवर वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने तासाला सुमारे २९ एमबीच जाऊ शकतात. गेमला तासाला ६० एमबी लागत असतील, तर निम्म्याहून जास्त संदेश रांगेत साचतात किंवा हरवतात. पिंग हजाराच्या पुढे जातो आणि गेम तुटतो.

कोटा मात्र सहसा गेममुळे संपत नाही. लॅपटॉपला हॉटस्पॉट घरच्या वायफायसारखाच वाटतो, म्हणून विंडोज अपडेट आणि गेमचे कित्येक जीबींचे पॅच त्यावर बिनदिक्कत उतरतात. फोनही फोटोंचा बॅकअप चढवत असतो. त्या अवधीत कोटा शिल्लक असला तरी लॅग होतो, कारण मोठ्या फाइलच्या रांगेत गेमचा छोटा संदेश मागे अडकतो. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये या हॉटस्पॉटसाठी `Metered connection` चालू केले, गेम लाँचरचे आपोआप अपडेट आणि फोनवरचा मोबाइल डेटावरचा बॅकअप बंद केला, की रांगही मोकळी होते आणि कोटाही दिवसभर पुरतो.