बेरीज जुळली, पण कर जुळला का?

आपल्या मनीषनगरातल्या एखाद्या दुकानाच्या हिशेबाला इंटर्न म्हणून बसणाऱ्या कॉमर्सच्या मुलींसाठी आज टॅलीतली एकच गोष्ट सांगते.

खरेदीचं बिल F9 दाबून चढवायचं, विक्रीचं F8 दाबून. समजा, १०,००० रुपयांचा माल घेतला आणि जीएसटी १८ टक्के आहे. व्यापारी नागपूरचाच असेल, तर सीजीएसटी ९०० आणि एसजीएसटी ९००. माल रायपूरहून मागवला असेल, तर आयजीएसटी १,८००. बेरीज दोन्हीकडे ११,८००च येते. म्हणून कराचं खातं चुकलं, तरी बिलाची रक्कम बरोबरच दिसते. नोंद करण्याआधी व्यापाऱ्याच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा. महाराष्ट्राचे २७, छत्तीसगडचे २२.

चूक उघडी पडते ती जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या पत्रकात. ते पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. त्यातला जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख आणि कर आपल्या नोंदीशी एकेक बिल घेऊन ताडून बघा. त्यासाठी बिलावर छापलेलाच नंबर Supplier Invoice No. मध्ये टाकलेला हवा. टॅलीचा व्हाउचर नंबर वेगळा असतो.

एखादं बिल पत्रकात नसेलच, तर नोंद खोडू नका. बहुतेकदा व्यापाऱ्याने आपलं विक्रीचं विवरण भरलेलं नसतं. त्याला फोन करा. बिल तिथे दिसेपर्यंत त्या १,८०० रुपयांचं क्रेडिट घेता येत नाही, आणि तेवढा कर दुकानाला खिशातून भरावा लागतो.

विक्रीतही हेच. घेणाऱ्या दुकानदाराचा जीएसटी नंबर आपण चुकवला, की त्याचं क्रेडिट अडकतं.