तारीख चुकली की लॉगिन अडतं

लॉगिनचं पान उघडायला जावं आणि नाव-पासवर्डाच्या चौकटींऐवजी समोर इशारा यावा: Your connection is not private. बघणाऱ्याला वाटतं, साइट बंद पडली असेल, नाहीतर कुणीतरी हॅक केली असेल. पण असं वारंवार होत असेल, तर आधी स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बघावं. तिथली तारीख बरोबर आहे का?

एक उदाहरण नीट बघू. तालुक्याच्या गावातलं झेरॉक्सचं दुकान, त्यात सात-आठ वर्षं जुना डेस्कटॉप. रोज रात्री दुकान बंद करताना मालक मेन स्विचच पाडतात. 7 जून 2025, शनिवार. सकाळी एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला येते. "काका, लॉगिनचं पानच उघडत नाहीये." क्रोमच्या पानावर लिहिलेलं असतं: Your clock is behind. कोपऱ्यात तारीख दिसते 1 जानेवारी 2020.

ही तारीख आली कुठून, ते कॅबिनेट उघडलं की कळतं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल बसवलेला असतो. त्यावर CR2032 असं कोरलेलं असतं. 20 मिलिमीटर व्यासाचा, 3 व्होल्टचा. बोर्डावरच्या घड्याळात सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारा एक बारीक स्फटिक असतो आणि त्या कंपनांच्या मोजणीवर तारीख-वेळ पुढे सरकते. मेन स्विच पाडल्यावर या घड्याळाला वीज पुरवणारं दुसरं काही उरत नाही, सगळा भार या सेलवर. काही वर्षांनी सेल उतरला की रात्रीतून घड्याळ बंद पडतं, आणि सकाळी मशीन सुरू झाल्यावर कंपनीने बायोसमध्ये भरून ठेवलेली तारीख घेऊन ते पुन्हा चालू लागतं. म्हणून बऱ्याचदा अशी तारीख एखाद्या जुन्या वर्षाची 1 जानेवारी असते.

आता त्या तारखेचा लॉगिनशी संबंध काय? पत्त्याच्या सुरुवातीला https असलेली प्रत्येक साइट ब्राउझरला एक सर्टिफिकेट दाखवते. साइटचं नाव, ते सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही आणि दोन तारखा त्यावर असतात: कधीपासून वैध आणि कधीपर्यंत वैध. ब्राउझर नाव जुळतंय का बघतो, सही तपासतो आणि मग आजचा दिवस त्या दोन तारखांच्या मध्ये बसतो का, हे पाहतो. आज कोणता दिवस आहे हे तो कॉम्प्युटरच्या घड्याळालाच विचारतो. लोकलचा पास तपासणाऱ्या टीसीच्या हातात पाच वर्षांपूर्वीचं कॅलेंडर दिलं, तर त्याला या महिन्याचा पासही अजून सुरू न झालेला वाटेल, तसंच हे. शिष्यवृत्तीच्या साइटचं सर्टिफिकेट 12 मे ते 10 ऑगस्ट 2025 असं नव्वद दिवसांचं आहे असं धरू. 1 जानेवारी 2020 ला बसलेल्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने ते पाच वर्षांहून जास्त काळाने सुरू व्हायचं आहे. ब्राउझर ते कसं स्वीकारणार?

क्रोम इथे थोडी जास्त अक्कल वापरतो. आपण स्वतः कधी तयार झालो ही तारीख त्याच्या आतच लिहिलेली असते. 2025 मध्ये तयार झालेला ब्राउझर 2020 मध्ये चालू असणं शक्य नाही. म्हणून साइटला दोष न देता घड्याळ मागे आहे असं तो सरळ सांगतो, आणि तारीख दुरुस्त करायचं बटणही पुढे करतो.

मालक घाईत असतात. मशीन पुन्हा चालू करून ते बायोसमध्ये जातात आणि 7 जून म्हणून 07/06/2025 भरतात. बायोसमध्ये बहुतेक वेळा महिना आधी आणि दिवस नंतर असतो. त्यामुळे भरली गेली ती 6 जुलै. शेजारी वाराही बदलून Sun झाला, खरं तर त्या दिवशी शनिवार. पण गिऱ्हाईक ताटकळलेलं असताना वाराकडे कोण बघतं?

या चुकीपासून पुढचा गोंधळ सुरू होतो, आणि तो आधीच्यापेक्षा जास्त फसवा आहे. शिष्यवृत्तीचं लॉगिन आता उघडतं, कारण 6 जुलै हा दिवस 12 मे आणि 10 ऑगस्टच्या मध्येच येतो. मालकांना वाटतं, झालं काम. मुलगी फॉर्म भरते आणि पावती पाठवायला ईमेल उघडते, तर तिथे पुन्हा इशारा. ईमेलच्या साइटचं सर्टिफिकेट 1 एप्रिल ते 30 जूनचं असेल, तर या कॉम्प्युटरच्या लेखी ते सहा दिवसांपूर्वीच संपलं. खरं तर त्याचे अजून तीन आठवडे बाकी आहेत. एक साइट चालते, दुसरी अडते, म्हटल्यावर सगळे ईमेलवाल्यांना नावं ठेवू लागतात. तारीख चुकली की सगळ्याच साइट बंद पडतील, ही समजूत इथे घात करते. घड्याळ पाच वर्षं मागे असेल तर जवळपास सगळं अडतं. महिनाभर पुढे-मागे असेल तर ज्यांच्या सर्टिफिकेटची मुदत नुकतीच सुरू झाली किंवा लवकरच संपायची आहे, तेवढ्याच साइट अडतात. त्यातल्या काहींचं सर्टिफिकेट चार दिवसांनी बदललं, की त्या आपोआप चालूही होतात, आणि कोडं आणखी गुंतागुंतीचं होतं.

अशा वेळी इशाऱ्याच्या पानावर थांबून वाचायची सवय उपयोगी पडते. खाली NET::ERR_CERT_DATE_INVALID असं दिसलं, तर भांडण तारखेचं आहे हे नक्की. Advanced दाबलं की क्रोम सर्टिफिकेट किती दिवसांपूर्वी संपलं ते सांगतो आणि या कॉम्प्युटरच्या मते आजची तारीख कोणती हेही दाखवतो. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघायची, वर्ष आणि महिन्यासकट. फक्त तास-मिनिटं जुळली म्हणून समाधान मानू नये; वरच्या उदाहरणात तास-मिनिटं बरोबरच होती.

त्याच Advanced खाली अनेकदा पुढे जाण्याची लिंकही असते. दुकानांतून, ऑफिसांतून ती दाबायची सवय लागलेली मी पाहिली आहे, आणि लॉगिनच्या पानावर तरी ती दाबू नये असं मला कळकळीने सांगायचं आहे. ती दाबल्यावर समोरचा खरंच आपली साइट आहे का, याची खात्री ब्राउझर सोडून देतो. मजकूर कुलूपबंद जातो, पण तो कुणाच्या हातात पडतो हे तपासलेलं नसतं. एरवी बातमी वाचताना नुकसान कमी; पासवर्ड टाकताना तोच जातो. दहा वेळा इशारा घड्याळामुळे आला असेल, पण अकराव्या वेळी तो खरा असला तरी दिसायला तसाच दिसणार. काही साइटवर ही लिंक मिळतच नाही, कारण आमच्या बाबतीत सूट देऊ नका असं त्या साइटने ब्राउझरला आधीच कळवलेलं असतं.

याची उलटी बाजूही आहे. एखाद्या साइटचं सर्टिफिकेट खरोखरच संपलेलं असतं आणि कुणीतरी सल्ला देतं, "तारीख मागे घे, उघडेल." उघडतं खरं. पण त्या मागे घेतलेल्या तारखेवर फक्त तीच साइट वैध ठरत नाही, तेव्हाची सगळी जुनी सर्टिफिकेटं वैध ठरतात. एखाद्याची गुप्त किल्ली पूर्वी चोरीला गेली असेल, तर त्या चोराच्या हातातलं मुदत संपलेलं सर्टिफिकेटही तुमच्या कॉम्प्युटरवर पुन्हा जिवंत होतं. मुदत ठेवायचं एक मोठं कारणच ते: चोरीची किल्ली कायमची चालू नये. म्हणून या मुदती आता आखडत चालल्या आहेत. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांनी मिळून 2025 मध्ये ठरवलं, की 398 दिवसांची कमाल मर्यादा 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, वर्षभराने 100 आणि 15 मार्च 2029 पासून 47 दिवस करायची. मुदत जितकी छोटी, तितकी घड्याळाची छोटी चूकही जास्त ठिकाणी अडवणार.

मग विंडोज इंटरनेटवरून वेळ आपोआप का सुधारत नाही? सुधारतं, पण मर्यादेत. घरगुती किंवा दुकानातल्या सुट्या कॉम्प्युटरवर ही मर्यादा मुळात 54,000 सेकंद, म्हणजे 15 तास ठेवलेली असते. त्याहून मोठी तफावत दिसली तर विंडोज आलेल्या वेळेवर विश्वास ठेवत नाही, कारण वेळ सांगणाराच खोटा असू शकतो. दुकानातली 29 दिवसांची चूक त्यामुळे तशीच राहिली. इलाज असा, की आधी हाताने तारीख जवळपास आणायची आणि उरलेलं इंटरनेटवर सोडायचं. कोपऱ्यातल्या घड्याळावर उजवं क्लिक करून Adjust date and time उघडा, Set time automatically बंद करा, Change दाबून तारीख भरा, मग ते पुन्हा चालू करून Sync now दाबा.

त्याआधी त्याच पानावरचा टाइम झोन बघा. तो (UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi असायला हवा. सर्टिफिकेटवरच्या वेळा जागतिक वेळेत असतात आणि कॉम्प्युटर आपली स्थानिक वेळ झोनच्या आधारे तिकडे वळवतो. नव्याने विंडोज टाकताना झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला आणि कुणी काट्यांवर भारतीय वेळ हाताने बसवली, तर कोपऱ्यात सगळं बरोबर दिसतं, पण आतला हिशेब उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांनी पुढे धावतो. एवढ्याने साइट क्वचित अडेल, मुदत संपायच्या दिवशी मात्र हमखास.

तारीख सुधारून उद्या पुन्हा तेच होणार असेल, तर सेल बदलणं आलंच. वीज पूर्ण काढून, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवा CR2032 बसवायचा आणि बायोसमध्ये तारीख भरताना महिना कुठे, दिवस कुठे हे वाराशी ताडून बघायचं.

आणि तारीख, वर्ष, झोन सगळं बरोबर असूनही इशारा आला, तर तेच पान वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, फोनमध्ये उघडून पाहा. तिथेही तोच इशारा असेल तर सर्टिफिकेट बहुधा साइटकडूनच संपलेलं आहे. ते नवं करणं त्यांच्या हातात, आपण थांबायचं. फोनवर उघडलं आणि कॉम्प्युटरवर नाही, तर त्या वायफायकडे किंवा कॉम्प्युटरमधल्या अँटिव्हायरसकडे संशय वळवावा, आणि तोवर तिथे पासवर्ड टाकू नये.